पगारातली तफावत: हिशेब लागणारी आणि न लागणारी

2010 साली अमेरिकेत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या 25 ते 64 वयाच्या लोकांचा तासाचा सरासरी पगार काढला, तर पुरुषाच्या 100 डॉलरमागे बाईच्या पदरात साधारण 79 डॉलर पडत होते. फ्रॅन्सिन ब्लाऊ आणि लॉरेन्स कान या अर्थतज्ज्ञांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हा आकडा येतो. त्यानंतरचा प्रश्न असा, की शिक्षण, अनुभव वगैरे गोष्टींतल्या फरकांनी या तफावतीचा किती हिशेब लागतो? त्यांच्या तक्त्यात एका स्तंभात उत्तर आहे सुमारे 15 टक्के. शेजारच्याच स्तंभात 62 टक्के.

माणसं तीच, वर्ष तेच, गणिताची पद्धतही तीच. ‘तफावतीचं बहुतेक कारण सापडतच नाही’ असाही मथळा यातून देता येतो आणि ‘बहुतेक तफावत समजावता येते’ असाही. दोन्हींमागचा आकडा खरा. हे कसं होतं ते समजायला आधी ही पद्धत आतून पाहावी लागेल, आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच सोपी आहे.

एक काल्पनिक कचेरी घेऊ. तिथल्या पुरुषांचा सरासरी पगार 38,000 रुपये, बायकांचा 28,000. फरक 10,000. सोयीसाठी धरू, की पगार फक्त अनुभवाच्या वर्षांवर ठरतो. पुरुषांचा सरासरी अनुभव 12 वर्षं, बायकांचा 8. आता दोन्ही गटांच्या पगाराची रेघ वेगवेगळी काढायची. रिग्रेशन म्हणजे एवढंच: विखुरलेल्या ठिपक्यांमधून सगळ्यांत नीट बसणारी रेघ. पुरुषांची रेघ सांगते की 20,000 पासून सुरुवात आणि दर वर्षाला 1,500 ची भर. बायकांची रेघ सांगते की सुरुवात 18,000 ची आणि भर 1,250 ची. पडताळून पाहा: 20,000 + 12 × 1,500 = 38,000, आणि 18,000 + 8 × 1,250 = 28,000. रेघ सरासरीच्या बिंदूतून जातेच, म्हणून बेरीज पैशापर्यंत जुळते.

मग एक कल्पित प्रश्न विचारायचा. बायकांचा अनुभव आहे तेवढाच, 8 वर्षं, पण पगार पुरुषांच्या दराने मिळाला असता तर? 20,000 + 8 × 1,500 = 32,000. झाली फोड. 38,000 पासून 32,000 पर्यंतचे 6,000 रुपये अनुभव कमी असल्यामुळे, हा हिशेब लागणारा भाग. 32,000 पासून 28,000 पर्यंतचे 4,000 रुपये मात्र तेवढ्याच अनुभवाला कमी दर मिळाल्यामुळे, हा हिशेब न लागणारा भाग. प्रत्यक्ष संशोधनात शिक्षण, प्रदेश, उद्योग असे अनेक घटक एकदम घेतात आणि रुपयांऐवजी पगाराचा लॉग वापरतात, म्हणजे फरक टक्क्यांत वाचता येतो. पण गाभा हाच.

ही फोड रोनाल्ड वाहाका आणि ॲलन ब्लाइंडर या दोघांनी 1973 साली स्वतंत्रपणे मांडली, म्हणून ती त्यांच्या जोडनावाने ओळखली जाते. (Oaxaca चा उच्चार ‘ओक्साका’ करणारे भेटतात, मीही कित्येक वर्षं त्यांतलाच.) खरं तर लोकसंख्याशास्त्रज्ञ एव्हलिन किटागावा यांनी 1955 सालीच दोन गटांच्या दरांतला फरक अशाच रीतीने फोडून दाखवला होता. नाव मात्र नंतरच्यांचं झालं.

आता वरच्या कचेरीत जरा उलटं करून पाहू. पुरुषांचा 12 वर्षांचा अनुभव बायकांच्या दराने मोजू: 18,000 + 12 × 1,250 = 33,000. म्हणजे 28,000 वरून 33,000 पर्यंतचे 5,000 अनुभवामुळे, आणि उरलेले 5,000 बेहिशेबी. मघाशी 60 टक्के हिशेब लागला होता, आता 50. चूक कुठेच नाही. पहिल्या वेळी आपण असं धरलं, की पुरुषांना मिळतो तो रास्त दर आणि बायकांना कमी मिळतं. दुसऱ्या वेळी धरलं, की बायकांचा दर रास्त आणि पुरुषांना वरकड मिळतं. यातलं खरं कोणतं हे पगारपत्रकात लिहिलेलं नसतं. दोघांना एकत्र घालून एकच रेघ काढण्याचा मधला मार्गही आहे, पण त्यात एक खोड आहे. ती रेघ काढताना स्त्री की पुरुष हा रकाना ठेवला नाही, तर बायकांच्या कमी पगाराचा काही भाग कमी अनुभवाच्या खात्यावर चढतो, रेघ नको तेवढी तिरपी होते आणि बेहिशेबी भाग आहे त्याहून लहान दिसतो. म्हणून अशा अभ्यासात मी आधी शोधतो ते हे, की कोणाचा दर प्रमाण मानला आहे. ते सांगितलेलंच नसेल तर पुढचे दशांश वाचण्यात अर्थ नाही.

पण 15 आणि 62 यांच्यातली दरी याने पडलेली नाही. ती पडली रकान्यांमुळे. पहिल्या स्तंभात ब्लाऊ आणि कान यांनी शिक्षण, अनुभव, वंश आणि प्रदेश एवढंच घेतलं. दुसऱ्यात व्यवसाय, उद्योग आणि कामगार संघटनेचं सदस्यत्व वाढवलं. त्यांतल्या एकट्या व्यवसाय आणि उद्योगाने मिळून तफावतीचा निम्मा हिशेब लावला. गंमत म्हणजे शिक्षणाचा वाटा उणे निघाला, जवळपास उणे 6 टक्के. 2010 पर्यंत या नोकरदारांमध्ये बायका सरासरीने पुरुषांहून जास्त शिकलेल्या होत्या, त्यामुळे नुसतं शिक्षण बघितलं तर पगार त्यांचा जास्त हवा होता.

व्यवसायाचा रकाना घालावा की नाही, यावरच खरी भांडणं होतात. आपल्या शेतमजुरीकडे पाहा. गड्याचा रोज वेगळा, बाईचा रोज वेगळा, हे गावात कोणी लपवत नाही. फवारणी, नांगरणी गड्याकडे, खुरपणी बायांकडे. आता गणितात ‘कामाचा प्रकार’ हा रकाना घाला. खुरपणीला दर कमी आणि बाया खुरपणीला जातात, त्यामुळे तफावतीचा मोठा भाग चुटकीसरशी हिशेबात बसेल. पण दिवसभर उकिडवं बसून करायच्या या कामाचा दर कमी का? ते बायांचं काम मानलं गेलं म्हणूनही असू शकेल. तसं असेल तर जे शोधायचं होतं तेच आपण कारण म्हणून रकान्यात भरलं. उलट हा रकाना गाळला, तर सगळ्या कामांना एकच मोल असल्यासारखं होतं, तेही खरं नाही.

आणि एक अडचण आणखी खोल आहे. पद्धत विचारते, की खुरपणीला पुरुषांचा दर काय? ज्या गावात एकही गडी खुरपायला जात नाही तिथे असा दरच अस्तित्वात नाही. संगणक तरीही आकडा देतो, रेघ पुढे ओढून. तो आकडा कुणा माणसाच्या मजुरीचा नसतो. असं झालंय का हे ओळखण्याचा उपाय साधा आहे: प्रत्येक कामात, प्रत्येक वयोगटात दोन्ही गटांतली माणसं किती आहेत ते मोजायचं. एका बाजूला शून्य आलं, की तेवढ्या भागाची तुलना सोडून द्यायची.

मोजमापाची गोष्टही अशीच. सर्वेक्षणांमध्ये अनुभवाची खरी वर्षं पुष्कळदा विचारलेलीच नसतात. मग अभ्यासक एक ठोकताळा वापरतात: वयातून शिक्षणाची वर्षं वजा करा, शाळेआधीची 6 वजा करा, उरेल तो अनुभव. 36 वर्षांची एक पदवीधर बाई घ्या, शिक्षण 15 वर्षं. ठोकताळ्याने तिचा अनुभव 15 वर्षं. पण मधली 6 वर्षं ती मुलांसाठी घरी असेल, तर खरा अनुभव 9 च. तिला 9 वर्षांच्या अनुभवाचा पगार मिळतो आणि गणित 15 वर्षांच्या पगाराशी त्याची तुलना करतं. मधला सगळा फरक बेहिशेबी खात्यात जमा होतो आणि वाचणारा त्याला भेदभाव म्हणतो. ब्लाऊ आणि कान यांनी जी माहिती वापरली तिच्यात प्रत्यक्ष अनुभव नोंदवलेला होता, हे त्या अभ्यासाचं मोठं बळ. पूर्णवेळ कामाच्या अनुभवात पुरुषांची आघाडी तीस वर्षांत सुमारे 7 वर्षांवरून दीडेक वर्षावर आली, हेही त्यामुळेच दिसलं.

भारतात तर आधी हे पाहावं लागतं, की या गणितात कोण आलंच नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 2017-18 साली 15 वर्षांवरच्या बायकांपैकी जेमतेम 23 टक्के कामात होत्या किंवा काम शोधत होत्या. त्यांच्यातही घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या बऱ्याच. ज्यांना पगारच नाही त्यांचा ठिपका आलेखावर पडत नाही. कमी पगार मिळेल म्हणून घरी थांबलेल्या बायका अशा गळून गेल्या, तर उरलेल्यांची सरासरी चांगली दिसते आणि तफावत कमी भरते.

बेहिशेबी भाग म्हणजे भेदभाव, असं मात्र नव्हे. त्यात भेदभाव असतो, न मोजलेले घटक असतात, मोजमापाच्या चुकाही असतात. आणि तो शून्य आला तर? तसा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. अमेरिकेतल्या उबरच्या 18 लाखांहून जास्त चालकांची 2015 ते 2017 मधली कमाई संशोधकांनी तपासली. भाड्याचं सूत्र चालक बाई की पुरुष हे पाहत नाही, तरीही तासाच्या कमाईत पुरुष सुमारे 7 टक्क्यांनी पुढे होते. या 7 टक्क्यांचा पूर्ण हिशेब तीन गोष्टींनी लागला. पुरुष गाडी थोडी वेगाने चालवत, जवळपास निम्मी तफावत त्यानेच. ते आठवड्याला जास्त तास चालवत आणि काम लवकर सोडत नसत, त्यामुळे कुठे, केव्हा उभं राहावं आणि कोणतं भाडं घ्यावं हे अनुभवाने शिकलेले असत. तिसरी गोष्ट म्हणजे गाडी चालवण्याचं ठिकाण. जिथे गुन्हे जास्त आणि बार जास्त, अशा भागांत पुरुष अधिक जात. कमाई तिथे चांगली होती. तक्त्यात या तिसऱ्या रकान्याचं नाव नुसतं ‘ठिकाण’ आहे.