एडीएचडी : अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार

मुलाचे लक्ष टिकत नाही, अंग स्थिर राहत नाही आणि मनात आले की ते लगेच करून मोकळे होते. ही तिन्ही किंवा यांतली काही लक्षणे वयाच्या मानाने फारच जास्त असतील, दीर्घकाळ टिकली असतील आणि त्यांमुळे मुलाचे रोजचे जगणे अडत असेल, तर त्या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांत त्याची गणना होते. जगभरच्या पाहणींचा मेळ घातला तर शाळकरी वयातल्या सुमारे पाच टक्के मुलांत तो आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे निदान जास्त होते.

मराठवाड्यातल्या गावात अशा पोराला वांड, द्वाड, चळवळ्या म्हणतात. ‘एका जागी बूड टेकत नाही’ ही तक्रार तर घरोघरी ऐकू येते. पण वांड पोर आणि विकार असलेले पोर यांत सीमारेषा आखायची कुठे, यावरच सगळा वाद आहे. ही रेषा रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून सापडत नाही. उच्च रक्तदाबासारखेच इथेही सगळे प्रमाणाचे आहे: थोडीफार लक्षणे सगळ्यांतच असतात, अमुक पातळीच्या वर गेली की त्यांना विकार म्हणायचे असे ठरवावे लागते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत ही पातळी दिलेली आहे. अवधानन्यूनतेची नऊ लक्षणे आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणे अशा दोन याद्या आहेत. मुलात यांपैकी निदान एका यादीतली सहा लक्षणे किमान सहा महिने दिसली पाहिजेत. काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असली पाहिजेत, आणि घर, शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी ती दिसली पाहिजेत. त्यांच्यामुळे मुलाचे काही अडत असले पाहिजे आणि दुसऱ्या कशाने त्यांचा उलगडा होत नसला पाहिजे. पहिल्याच यादीतली लक्षणे असलेले मूल दंगा करत नाही. ते खिडकीबाहेर बघत बसते, वह्या हरवते, अर्धे गणित सोडून देते. मुलींमध्ये हा प्रकार बराच दिसतो आणि वर्गाला त्रास नसल्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

या लक्षणांच्या मुळाशी काय असावे, याचे सर्वांत गाजलेले स्पष्टीकरण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ मध्ये मांडले. त्यांच्या मते अडचण लक्षाची नसून स्वतःला आवरण्याची आहे. समोर आलेल्या गोष्टीवर लगेच उडी न घेता क्षणभर थांबता आले, तरच मेंदूच्या कार्यकारी क्षमतांना काम करायला वाव मिळतो. आधी ठरवलेले मनात धरून ठेवणे, स्वतःशीच बोलून स्वतःला बजावणे, भावना आणि उत्साह सांभाळणे, जुन्या अनुभवाचे तुकडे जोडून नवा मार्ग काढणे या त्या क्षमता होत.

एक साधे काम घेऊ. आई पोराला जवारीचा डबा देऊन गिरणीवर धाडते आणि सांगते, “जाडसर दळ म्हणावं, अन् येताना काकूकडून ताक आण.” वाटेत पोरे क्रिकेट खेळताना दिसतात. तिथे थांबण्याची ओढ कुठल्याही पोराला होते. पण आठ-नऊ वर्षांचे बहुतेक पोर क्षणभर रेंगाळते, डबा आठवतो, ‘आधी दळण’ असे मनातल्या मनात म्हणते आणि चालू लागते. कार्यकारी क्षमता कच्ची असलेल्या पोराच्या बाबतीत तो क्षणच निसटतो. डबा भिंतीकडेला टेकतो, ‘जाडसर’ आणि ‘ताक’ दोन्ही डोक्यातून जातात आणि दिवेलागणीला आई हाका मारत येते तेव्हा आपण दहाच मिनिटे खेळलो असे त्याला मनापासून वाटत असते. आईचे शब्द त्याला कळले नव्हते असे नाही. जे कळते ते ऐन वेळी हाताशी येत नाही, असा बार्कली यांच्या मांडणीचा रोख आहे.

यावर पालकांचा ठरलेला आक्षेप असतो: मोबाइलवर तासभर हलत नाही, मग कसला आलाय विकार? आक्षेप रास्त आहे आणि एकट्या आवरण्याच्या सिद्धान्ताने त्याचे नीट उत्तर मिळत नाही. ब्रिटिश संशोधक एडमंड सोनुगा-बार्क यांनी त्यासाठी दुसरी वाट दाखवली. काही मुलांना उशिरा मिळणाऱ्या फळासाठी थांबणेच असह्य होते. खेळात दर काही सेकंदांनी गुण पडतात, आवाज होतो. पाढ्यांचे फळ परीक्षेत, म्हणजे त्यांच्या हिशोबाने कधीच नाही. २००२ मध्ये त्यांनी दोन्ही वाटा एकत्र मांडल्या: कुणाचे मूल एका वाटेने या विकारापाशी येते, कुणाचे दुसऱ्या, कुणाचे दोन्ही.

कार्यकारी क्षमतांच्या चाचण्यांनी निदान करता येईल, ही आशा मात्र फोल ठरली. संगणकावर एक चित्र आले की बटण दाबायचे, दुसरे आले की हात आवरायचा, अशा धाटणीच्या त्या चाचण्या असतात. गटांची सरासरी पाहिली तर एडीएचडी असलेली मुले त्यांत मागे पडतात. पण एकेक मूल घेतले तर कित्येकांचे गुण अगदी सर्वसाधारण येतात. शांत खोलीत, समोर बसलेल्या तपासनिसाच्या देखरेखीखाली दहा मिनिटे स्वतःला आवरणे वेगळे आणि पन्नास पोरांच्या कलकलाटात सबंध दिवस आवरणे वेगळे. म्हणून निदान अजूनही आईवडील आणि शिक्षक काय सांगतात यावरच उभे आहे. वादाला तोंड फुटते ते इथेच.

शिक्षक मुलाची तुलना कुणाशी करतात? वर्गातल्या इतर मुलांशी. पण एकाच वर्गात वर्षभराचे अंतर असलेली मुले असतात आणि सहा-सात वर्षांच्या वयात वर्ष म्हणजे थोडे नव्हे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाच्या वयाची सीमा ३१ डिसेंबर आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये निदानाचे प्रमाण तीस टक्क्यांनी, तर मुलींमध्ये सत्तर टक्क्यांनी अधिक निघाले. डिसेंबरात जन्मल्याने मेंदू बिघडत नाही. वर्गातले सर्वांत लहान मूल पोरकटपणा करते आणि त्या पोरकटपणाला विकाराचे नाव मिळते, हाच याचा सरळ अर्थ.

महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशासाठी वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबरच आहे. शिवाय आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी असेलच असे नाही. गुरुजींनी सोयीने १ जून लावलेली माणसे मराठवाड्यात पैशाला पासरी सापडतात. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली तशी ही रीत ओसरली, तरी पूर्णपणे गेली आहे असे नाही. वय चुकीचे, म्हणजे तुलनाच चुकीची.

एक उदाहरण कल्पून पाहू. बीड जिल्ह्यातल्या एका गावात तिसरीतला मुलगा. आईवडील कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर निघतात ते मार्च-एप्रिलात परततात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले तेव्हा गुरुजींनी मुलगा दाखवला: जागेवर बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही, मारामाऱ्या करतो. या कार्यक्रमात तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. पथकाने त्याला जिल्ह्याला धाडले. शिक्षकाने भरलेल्या तक्त्यात नऊपैकी सात खुणा. तेवढ्यावर थांबले असते तर निदान होऊन गेले असते.

तिथे आजीला विचारले. मुलगा हंगामात तिच्यापाशी राहतो. दाखल्यावर १ जून २०१७ आहे, पण आजी म्हणते, “ह्यो झाला कोपीवर, फडात. संक्रांत होती, त्याच्या आदल्या साली मोठीचं लगीन झालं.” हिशोब जुळवला तर जन्म जानेवारी २०१८ चा निघतो. म्हणजे २०२३ च्या जूनमध्ये पहिलीत बसला तेव्हा तो साडेपाच वर्षांचाही नव्हता, आणि नियमाने त्याने त्यापुढच्या वर्षी यायला हवे होते. आज वर्गातल्या काही मुलांपेक्षा तो वर्षाहून अधिक लहान आहे. पुढे तक्रार केव्हापासून, ते विचारले. दिवाळीपासून, म्हणजे आईवडील गेल्यापासून, तीन महिने. उन्हाळ्यात आई घरी होती तेव्हा असे काही नव्हते. आजीकडे तो शेळ्या वळतो, हिशोबाने परत आणतो. शेवटी उजवा कान पाहिला तर वाहत होता. मुलगा वर्गात मागे बसतो आणि तो कान फळ्याकडे असतो. ‘सांगितलेले ऐकत नाही’ यातला बराच भाग शब्दशः खरा होता.

सहा महिने पुरे झाले नाहीत, दुसऱ्या ठिकाणी लक्षणे नाहीत, वय चुकीचे आणि कानाचा दुसरा खुलासा हाताशी. निदान करता येत नाही. कानावर उपचार करायचे, पुढच्या बाकावर बसवायचे, त्याची तुलना दुसरीतल्या मुलांशी करायची आणि आईवडील परतल्यावर पुन्हा पाहायचे. कान कोरडा झाल्यावर आणि आई घरी असतानाही घरीदारी तेच चालू राहिले, आणि तीन-चार वर्षांचा असल्यापासून हा असाच आहे असे आईने सांगितले, तर निकाल बदलेल. अपुरी झोप, रक्तक्षय, डोळ्यांचा नंबर, क्षणभर शून्यात नेणारी फिट यांच्याकडेही असेच पाहावे लागते.

यावरून हा विकार म्हणजे शाळांनी उभे केलेले थोतांड आहे, असा निष्कर्ष काढणारे टीकाकार आहेत. तो टिकत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर निघतो. मेंदूच्या पुढच्या भागाचे कवच या मुलांत काही वर्षे उशिरा पक्व होते, असे २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. अमेरिकेत निदान अतिरेकी होत असेल. आपल्याकडे तालुक्याच्या गावात बालमानसोपचारतज्ज्ञच नाही, तिथे ते मुळातच होत नाही. माझ्या मते मराठवाड्यात दोन्ही चुका एकाच वर्गात घडू शकतात: मागच्या बाकावरचे कान फुटलेले पोर विकारी ठरते आणि खिडकीपाशी गप्प बसलेली, पोर हुशार नाही म्हणून सोडून दिलेली मुलगी तशीच निसटते.

उपचारांत लहानग्यांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण येते, मोठ्या मुलांत गरजेनुसार औषध. त्यांतले मिथाइलफेनिडेट भारतात औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये आहे, विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते. औषधाने पोर शांत बसले म्हणजे निदान बरोबर होते, असे मात्र धरू नये. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कुठलाही विकार नसलेल्या मुलांना याच जातीचे उत्तेजक दिले, तेव्हा त्यांचीही चुळबुळ कमी झाली होती आणि लक्षही सुधारले होते.