फोनचं शटर आपल्या हाती कसं आलं

सुरुवातीची बरीच वर्षं फोनचा कॅमेरा सगळं स्वतःच ठरवायचा. अंधार पडला की शटर थोडं जास्त वेळ उघडं ठेवायचा, तेवढ्यानं भागलं नाही की आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवायचा. तेव्हाही ‘स्लो शटर’ नावाची ॲप्स मिळत, पण ती लागोपाठच्या फ्रेम एकमेकींवर चढवून लांब एक्स्पोजरचा नुसता भास करत. शटरचा वेळ मागायची सोयच ॲपला नव्हती.

2013 मध्ये नोकियाने लुमिया 1020 सोबत प्रो कॅमेरा ॲप दिलं. त्यात फोकस, आयएसओ आणि शटरच्या अर्धगोल चकत्या बोटानं फिरवता येत आणि शटर 4 सेकंदांपर्यंत उघडं ठेवता येई. पण ते नोकियाचंच ॲप, नोकियाच्याच फोनसाठी. बाहेरच्यांना दार उघडलं ते 2014 मध्ये: सप्टेंबरात आयओएस 8 आणि नोव्हेंबरात अँड्रॉइड 5.0 आलं, आणि इतरांच्या ॲपलाही शटरचा वेळ आणि आयएसओ मागता येऊ लागला. अँड्रॉइडच्या या नव्या सोयीचं नाव `Camera2 API`.

यात एक मेख होती, ती आजही आहे. कोणती नियंत्रणं ॲपला द्यायची, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे तेच ओपन कॅमेरा ॲप एका फोनवर शटरची पट्टी दाखवतं, दुसऱ्यावर दाखवत नाही. मी अशा फोनवर एक संध्याकाळ सेटिंग्ज उपसण्यात घालवली आहे. दोष ॲपचा नव्हताच.

या ताब्याचा उपयोग एका हिशेबात दिसतो. समजा, दिवे लागलेली रिकामी गल्ली आहे आणि ऑटो कॅमेरा 1/15 सेकंद, आयएसओ 1600 निवडतो. फोटोत दाणे येतात, ते पुसायला फोन तपशीलही पुसतो आणि भिंतीच्या विटा मेणासारख्या गुळगुळीत होतात. आयएसओ 100 वर आणला तर उजेड तेवढाच मिळवायला वेळ सोळापट लागतो, म्हणजे साधारण 1 सेकंद. फोन ट्रायपॉडवर असेल तर विटा सुट्या दिसतात. माणसं चालत असतील तर मात्र त्यांची भुतं होतात.

2018 च्या नोव्हेंबरात गुगलच्या पिक्सेल फोनवर नाइट साइट आलं आणि मॅन्युअलचं क्षेत्र आक्रसलं. हातात धरलेल्या फोननं पंधरापर्यंत फ्रेम घ्यायच्या आणि जुळवून एक करायच्या, ही त्याची रीत. हातात फोन धरून काढायचा असेल तर मीही आता नाइट मोडच वापरतो. मॅन्युअल उरलं ते ट्रायपॉडपुरतं.

तिथंही फोटो पुसट आलाच तर दूरचे दिवे मोठे करून पाहावेत. सगळ्या दिव्यांना एकाच दिशेनं, सारखीच शेपटी असेल तर बटण दाबताना फोन हलला आहे. 2 सेकंदांचा टायमर लावावा. दिवे गोल वाटोळे फुगले असतील तर फोकस चुकला आहे, आणि तो हातानं लावावा लागेल.