रक्त तपासणीच्या अहवालातील हिमोग्लोबिन आणि रक्तक्षय

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींमध्ये असणारे लोहयुक्त प्रथिन. फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलून तो शरीरभर पोहोचवणे हे त्याचे काम. वय, लिंग आणि गरोदरपण लक्षात घेऊन ठरवलेल्या मर्यादेपेक्षा त्याचे प्रमाण खाली गेले की त्या स्थितीला रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात. रक्तक्षय हा स्वतंत्र आजार नव्हे, तर कुठल्यातरी कारणाचा परिणाम आहे. त्यामुळे अहवालातील हिमोग्लोबिनचा आकडा रक्तक्षय आहे की नाही आणि किती आहे एवढेच सांगतो. तो का झाला याचा माग त्याच कागदावरच्या पुढच्या ओळींत लागतो. रुग्ण बहुधा पहिली ओळ वाचून कागद घडी घालून ठेवतात, म्हणून या नोंदीत त्या पुढच्या ओळींना जास्त जागा दिली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषात १३, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ आणि गरोदरपणाच्या पहिल्या व शेवटच्या तिमाहीत ११ ग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीत रक्तातील पातळ भाग वाढल्याने आकडा आपसूक उतरतो, म्हणून तेथे १०.५ ही मर्यादा धरतात. गरोदर नसलेल्या स्त्रीत ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र रक्तक्षय मानला जातो. छापील मर्यादा प्रयोगशाळेगणिक थोड्या बदलतात. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातील अहवालात हाच आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये असतो. तेथील ८६ म्हणजे आपल्याकडचे ८.६. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. एचबीएवनसी ही मधुमेहाची तपासणी आहे. तिचा ६.२ टक्के हा निकाल पाहून ‘हिमोग्लोबिन ६ वर आलं’ म्हणून घाबरलेली माणसे दवाखान्यात येतात.

आता एक नमुना अहवाल पाहू. ३४ वर्षांची स्त्री, जिना चढताना धाप लागते, पाळीत सहा-सात दिवस भरपूर रक्तस्राव होतो. तिच्या सीबीसीमध्ये, म्हणजे संपूर्ण रक्तगणनेत, हिमोग्लोबिन ८.६, तांबड्या पेशी ४.१ दशलक्ष, पीसीव्ही २८ टक्के, एमसीव्ही ६८ आणि आरडीडब्ल्यू १८.५ असे आकडे आहेत. ८.६ म्हणजे मध्यम रक्तक्षय. पीसीव्ही म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींनी व्यापलेला वाटा. तो हिमोग्लोबिनच्या साधारण तिप्पट असतो, त्यामुळे तो वेगळे फारसे काही सांगत नाही.

खरी ओळ एमसीव्हीची. एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान ती सांगते आणि प्रौढांत ते साधारण ८० ते १०० फेम्टोलीटर असते. या बाईंच्या पेशी ६८ च्या, म्हणजे लहान आहेत. हिमोग्लोबिन तयार करायला लोह पुरले नाही की पेशी लहान आणि फिक्या निघतात. उलट ब-१२ किंवा फोलेट कमी पडले तर पेशी मोठ्या होतात आणि एमसीव्ही १०० च्या वर जातो. शुद्ध शाकाहारी लोकांत ब-१२ ची कमतरता बरीच आढळते. लोह आणि ब-१२ दोन्ही कमी असतील तर लहान व मोठ्या पेशींची सरासरी नेमकी ‘नॉर्मल’ येऊन फसवते. तेव्हा आरडीडब्ल्यू कामी येतो. पेशींच्या आकारात किती तफावत आहे हे तो दाखवतो आणि साधारण १४.५ च्या वर गेला की पेशी एकसारख्या नाहीत असे समजायचे.

मात्र लहान पेशी दिसल्या की लोहच कमी, असे धरता येत नाही. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन घडवण्यातला आनुवंशिक दोष सौम्य रूपात असलेल्या व्यक्तीतही त्या लहान असतात. तिचा अहवाल असा दिसू शकतो: हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६२, पण तांबड्या पेशी ५.६ दशलक्ष. रक्तक्षय असून पेशींची संख्या भरपूर, ही त्यातली खूण. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागले तर येथे ११ येतात, आपल्या बाईंच्या बाबतीत १६ ते १७. उत्तर १३ पेक्षा कमी आले की थॅलेसेमियाकडे, जास्त आले की लोहाच्या कमतरतेकडे कल असतो. हा निव्वळ अंदाज आहे. खात्रीसाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी लागते, आणि थॅलेसेमिया मायनरमध्ये त्यात एचबीए-टू बहुधा ३.५ टक्क्यांच्या वर निघते. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत हा दोष अधिक आढळतो. लोह कमी नसताना अशा माणसाने वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खाऊन काहीच साधत नाही. दोघा जोडीदारांना हा दोष असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजरचे, म्हणजे याच दोषाच्या तीव्र रूपाचे असण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावा लागतो. तो सीबीसीत ओळखू येईलच असे नाही, त्याची तपासणी वेगळी.

लोहाची कमतरता पक्की करायला फेरिटिन पाहतात. शरीरातील लोहाचा साठा त्यावरून कळतो. ते १५ पेक्षा कमी असेल तर शंका उरत नाही, पण ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असताना ते फुगून नॉर्मल दिसते. साठा कमी का झाला हा प्रश्न त्यानंतरही राहतोच. आपल्या बाईंच्या बाबतीत पाळीतला रक्तस्राव हे उघड कारण आहे. पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीत मात्र लोह कमी निघाले तर पोटातून, आतड्यातून किंवा मूळव्याधीतून रक्त जात आहे का हे शोधायलाच हवे. अशा वेळी ‘टॉनिक घ्या’ म्हणून विषय मिटवणे धोक्याचे. आतड्याचा कर्करोग कधीकधी पहिल्यांदा फक्त याच रूपात दिसतो.

बीट, डाळिंब आणि गूळ यांवर लोकांची फार भिस्त असते. ते खायला हरकत नाही, पण ८.६ चे १२ त्याने होत नाहीत, गोळ्या लागतात. गोळीबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोहाचे शोषण बरेच घटते, लिंबाच्या सरबताने ते वाढते. शौच काळे होणे हा गोळीचाच परिणाम. गोळी सुरू नसताना डांबरासारखे काळे, चिकट शौच झाले तर मात्र तो आतल्या रक्तस्रावाचा इशारा असतो. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे असे काही झाले तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

निदान बरोबर असेल आणि गोळ्या पोटात जात असतील तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने चढते. ८.६ चे ८.९ झाले तर त्याला सुधारणा म्हणता येत नाही, कारण एवढा फरक दोन वेळच्या किंवा दोन प्रयोगशाळांच्या मोजणीतही पडतो. बोट टोचून काढलेल्या आणि शिरेतून घेतलेल्या रक्ताचे आकडे तर एकमेकांशी ताडूच नयेत. आकडा १२ झाला की बहुतेक जण गोळ्या थांबवतात. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. उपचार लागू पडत असताना आरडीडब्ल्यू आधीपेक्षा वाढून लाल खुणेसह छापून येऊ शकतो. जुन्या लहान पेशी चार महिन्यांच्या आयुष्यातला उरलेला काळ काढत असतात आणि नव्या, पुऱ्या आकाराच्या पेशी त्यांच्यात येऊन मिसळत असतात, म्हणून ही तफावत दिसते.