कॉलर माइक कॉलरला लावायचा नसतो, आणि हेडसेट म्हणजे कपड्यांची सुट्टी नव्हे

परिषदेत बोलायला जाणाऱ्यांना आयोजक एक ओळ कळवतात: «माइक अंगावर लावायचा असेल.» वाचणारा मनात ठरवून टाकतो की माइक म्हणजे माइक, तो कुठेतरी अडकवतील. कॉलर माइक आणि हेडसेट माइक यांना कपड्यांकडून वेगवेगळ्या गोष्टी लागतात. आपल्याला कोणता मिळणार हे आदल्या दिवशी न विचारता कपडे ठरवले की स्टेजच्या कडेला ओढाताण होते ती इथूनच.

हेडसेट बहुतेकांनी पाहिलेला असतो. कानावर अडकतो, गालालगत बारीक दांडी येते, टोकाला दाणा. तो दाणा ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, किंचित गालाकडे हवा. तोंडासमोर आला तर प, फ, भ म्हणताना श्वास त्याच्यावर आदळून धप्प असा आवाज येतो. मान कुठेही वळवली तरी अंतर बदलत नाही, म्हणून गळा कोणताही चालतो. लटकणारे डूल मात्र दांडीवर वाजतात, दाढीचे खुंट दाण्याला घासतात आणि मोकळे केस वायरीत अडकतात. कुड्या घाला, केस मागे घ्या, एवढंच.

खरा घोळ आहे तो कॉलर माइकचा, आणि त्याचं निम्मं कारण नावात आहे. कॉलर हा शब्द ऐकून लोक तो कॉलरच्या टोकाला किंवा जॅकेटच्या पट्टीला लावतात. त्याची जागा छातीच्या मध्यरेषेवर, हनुवटीपासून वीतभर किंवा थोडं कमी, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर असते. शर्टात ही जागा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मधे, बटणपट्टीच्या कडेवर येते. तिथे चिमटा धरायला कापडाची मोकळी कड हवी. गळ्याचा आकार महत्त्वाचा ठरतो तो एवढ्याचसाठी.

मध्यरेषेचा आग्रह का? बोलताना स, श, च यांसारखे तीक्ष्ण आवाज तोंडातून मुख्यतः समोर फेकले जातात. माइक डाव्या पट्टीवर असला आणि तुम्ही उजवीकडच्या स्क्रीनकडे मान वळवलीत, की अंतर काही सेंटिमीटरने वाढतं आणि तोंडही माइकपासून फिरतं. स्वर ऐकू येतात, व्यंजनं पुसट होतात. श्रोत्यांना वाटतं तुम्ही पुटपुटताय. ध्वनितंत्रज्ञाने आवाज वाढवावा म्हटलं तर स्पीकर शिटी मारू लागतात, कारण अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने खाली येते आणि ती भरून काढताना माइक स्पीकरचाही आवाज तितकाच जास्त उचलतो. हेडसेट दोन-अडीच सेंटिमीटरवर असल्यामुळे या कचाट्यातून सुटतो. वीस सेंटिमीटरवरच्या माइकला ती सवलत नाही. जॅकेटच्या पट्टीशिवाय गत्यंतरच नसेल, तर ज्या बाजूला स्क्रीन आहे त्या बाजूची पट्टी धरा. मान वळेल ती माइककडेच वळेल.

बंद गोल गळा कॉलर माइकला सगळ्यात वाईट. चिमटा हनुवटीच्या अगदी खाली येतो. लॅपटॉपकडे पाहायला मान खाली घातली की आवाज घुमतो आणि कोंदट होतो, वर केली की उतरतो. विणीचं मऊ कापड असेल तर चिमट्याच्या ओढीने गळा लोंबतो आणि माइक पुढे झुकतो. व्ही-गळा बरा, पण टोक वीतभर खोल असेल तरच. चिमटा एका कडेला लावून दाणा मध्याकडे वळवता येतो. बटणांचा शर्ट सर्वात उत्तम आणि दुसरी पसंती द्यायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

माइक दिसू नये म्हणून तो कापडाआड लपवणाऱ्यांचा वेगळाच वर्ग आहे. चित्रपटात चालतं; तिथे तो चिकटपट्ट्या लावून बसवायला माणूस आणि वेळ असतो. इथे प्रत्येक श्वासाला कापड घासतं. सळसळणारं सिंथेटिक किंवा कडक खळीचं कापड तर माइक बाहेर असूनही ऐकू येतं. आणि गळ्यातलं ओळखपत्र! त्याचं प्लास्टिक नेमकं मध्यरेषेवर झुलतं आणि माइकवर टकटक करत राहतं. स्टेजवर तुम्हाला ओळखायला त्याची गरज नसते, काढून ठेवा. लांब पेंडंटचंही तेच, ओढणी असेल तर ती एका खांद्यावर पिन करा.

आता दोन्ही माइकना सारखं लागणारं, आणि हेडसेटवाले हमखास विसरतात ते: ट्रान्समीटर, म्हणजे माइकचा आवाज बिनतारी पुढे पाठवणारा डबा. पत्त्यांच्या कॅटएवढा, बॅटरीसकट साधारण दीडशे ग्रॅमचा. त्याला कमरेचा पट्टा किंवा घट्ट कमरपट्टी हवी. पातळ पँटच्या खिशात तो झोके घेतो. वायर कापडाच्या आतून न्यावी आणि चिमट्याजवळ तिचा छोटा वेढा ठेवावा, म्हणजे ओढ बसली तरी दाणा हलत नाही.

एक उदाहरण धरू: गोल बंद गळ्याचा, कमरेला पट्टा नसलेला वनपीस, वर लांब डूल. कॉलर माइक मिळाला तर चिमट्याला कड फक्त गळ्याची. डबा मागे गळ्यालाच अडकवला तर दीडशे ग्रॅम कापड मागे खेचतात आणि पुढचा गळा घशावर चढतो, माइकही त्याच्यासोबत वर सरकतो. हेडसेट मागितला तर गळ्याचा प्रश्न सुटतो, डब्याचा नाही. दोन्ही मार्गांना उपाय एकच: बारीक पण घट्ट बेल्ट आणि वर पुढून उघडं जॅकेट, ज्याची कड मध्यरेषेच्या जवळ पडते. डबा जॅकेटखाली बेल्टला मागे, कॉलर माइक त्या कडेला, हेडसेट असेल तर फक्त डूल काढायचे. घरी खात्री करायची तर माइकच्या जागी कपड्यांचा चिमटा लावा, कमरेला दीडशे ग्रॅमचं काहीतरी अडकवा आणि बसा, उठा, दोन्हीकडे मान वळवा. चिमटा झुकला किंवा कड खाली आली, तर खरा माइकही तेच करणार.

रंगात माइकवरून फारसा फरक पडत नाही, तो पडद्यावरून आणि कॅमेऱ्यावरून पडतो. काळ्या पडद्यापुढे काळे कपडे म्हणजे हवेत तरंगणारं डोकं आणि दोन हात. लख्ख पांढरा दिव्याखाली जळतो. कॅमेरा तो सावरायला उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. बारीक रेघा आणि बारीक चौकडा चित्रीकरणात वळवळतो. मधल्या छटेचा निळा, मरून किंवा बाटली-हिरवा घ्या, मात्र मागचा पडदा त्याच रंगाचा नाही ना हे आयोजकांना विचारून. फिक्या शर्टावर काळा दाणा उठून दिसतो, दिसू द्या.

आयोजकांना प्रश्न तीनच विचारायचे: माइक कोणता, पडदा कोणत्या रंगाचा, स्क्रीन माझ्या कोणत्या हाताला.