मात्रेचं औषध आणि मुदतीचं औषध: सायक्लोफॉस्फमाइड व मेथोट्रेक्झेट

पुण्यात दुसऱ्या वर्षाच्या एमबीबीएसच्या मुलांना कर्करोगाची औषधं शिकवताना एक गैरसमज दरवर्षी भेटतो. ‘सेल सायकल नॉनस्पेसिफिक’ म्हणजे वाट्टेल त्या पेशीला मारणारं आणि ‘स्पेसिफिक’ म्हणजे फक्त कर्करोगाच्या पेशीला मारणारं, असं मुलं धरून चालतात. दोन्हीही कर्करोगाची पेशी ओळखत नाहीत. प्रश्न एवढाच असतो, की औषध पोचेल तेव्हा पेशी तिच्या विभागणीच्या चक्राच्या कुठल्या टप्प्यावर असायला हवी.

सायक्लोफॉस्फमाइड हे अल्किलेटिंग एजंट. यकृतात सक्रिय झाल्यावर ते डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं आणि दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं. त्यासाठी पेशी विभागत असायलाच हवी असं नाही. मात्र विभागणाऱ्या पेशीला दुरुस्तीला सवड मिळत नाही, म्हणून तीच जास्त मरते. मात्रा वाढवली की इजा वाढते.

मेथोट्रेक्झेट हे अँटिमेटाबोलाइट. ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर अडवतं, आणि डीएनएसाठी लागणारं थायमिडिलेट तयार होणं थांबतं. याची झळ एस टप्प्यातल्या, म्हणजे डीएनएची प्रत काढणाऱ्या पेशीलाच बसते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात उभा असलेला पहारेकरी दारातून जाणाऱ्यालाच धरू शकतो. आत बसलेल्यांना धरायचं, तर पहारेकरी वाढवून उपयोग नाही. पहारा लांबवावा लागतो. म्हणून अशा औषधाची मात्रा एका हद्दीपलीकडे वाढवून फारसा फरक पडत नाही, औषध शरीरात किती वेळ राहिलं याने पडतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर दोन आकडे शेजारी ठेवून बघा. स्तनाच्या कर्करोगाच्या जुन्या सीएमएफ उपचारात ही दोन्ही औषधं फ्लोरोयुरॅसिलबरोबर एकत्र असत. त्यात मेथोट्रेक्झेट शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम, पहिल्या आणि आठव्या दिवशी. दीड चौरस मीटरच्या बाईला एका वेळी ६० मिलिग्रॅम, आणि बहुतेकींना ते झेपत असे. आता समजा, कोथरूडच्या एका आजींना संधिवातासाठी आठवड्यातून एकदा १० मिलिग्रॅम लिहून दिलं आणि त्यांनी ती गोळी रोज घेतली. सात दिवसांचे ७० मिलिग्रॅम. बेरीज जवळपास तीच, पण यात जीव जाऊ शकतो. रोजच्या गोळीमुळे पहारा उठतच नाही. अस्थिमज्जेतली आणि तोंडाच्या अस्तरातली जी पेशी एस टप्प्यात येईल ती अडकते. वयामुळे मूत्रपिंड मंदावलेलं असेल, तर औषध बाहेरही लवकर पडत नाही.

आजींना आधी तोंड येतं, तिखट सोडाच, साधा वरणभातही गिळवत नाही. मग जुलाब, ताप, अंगावर लाल ठिपके. ‘उष्णता झाली’ म्हणून घरचे थांबले तर वेळ हातची जाते. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्याचं तोंड आलं, की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रक्तातल्या पेशींची संख्या आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघितलं जातं. उतारा आहे, ल्युकोव्होरिन. ते आधीच रूपांतरित झालेलं फोलेट असल्यामुळे अडवलेल्या विकराला वळसा घालतं. साधी फोलिक ॲसिडची गोळी इथे चालत नाही, कारण तिला तेच विकर लागतं. म्हणूनच चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा, फक्त सोमवारी’ असं वार घालून मराठीत लिहावं, आणि औषध देणाऱ्याने ते रुग्णाकडून वदवून घ्यावं, असा माझा आग्रह असतो.

सायक्लोफॉस्फमाइडला असा उतारा नाही. मुलं इथे मेस्नाचं नाव घेतात, पण मेस्ना फक्त मूत्राशय वाचवतं. या औषधातून तयार होणारं ॲक्रोलीन लघवीत उतरून मूत्राशयाचं अस्तर जाळतं आणि लघवीतून रक्त जातं. मेस्ना त्या ॲक्रोलीनला बांधून ठेवतं. मज्जेतल्या डीएनएला पडलेल्या गाठी ते सोडवत नाही. मोठ्या मात्रेनंतर पांढऱ्या पेशी साधारण ८ ते १४ दिवसांत तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत सावरतात. अल्किलेटिंग औषधांपैकीच नायट्रोसोयुरिया गटातली औषधं मात्र मज्जेच्या निवांत मूळपेशींनाही गाठतात. त्यांचा तळ चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. आठवडाभराने केलेली रक्ततपासणी चांगली आली, म्हणून तिथे निर्धास्त होता येत नाही.

मज्जा सावरल्यावरही अल्किलेटिंग औषधांचा हिशेब संपत नाही, कारण डीएनएतली चुकीची दुरुस्ती मागे राहते. एकूण मात्रा जितकी जास्त, तितका बीजांडं आणि शुक्रजंतू कायमचे घटण्याचा धोका जास्त. पाच-सात वर्षांनी दुसराच रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो, बऱ्याचदा पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा भाग गमावलेला. मेथोट्रेक्झेटबाबत ही भीती फार कमी. दीर्घकाळ घेणाऱ्यांत लक्ष यकृतावर आणि फुप्फुसांवर ठेवायचं असतं. तरुण रुग्णाला सायक्लोफॉस्फमाइड सुरू करण्याआधी बीजांडं किंवा वीर्य गोठवून ठेवण्याविषयी विचारायला हवं, पहिल्या सलाइननंतर नव्हे.