होम थिएटर जुळवणी

बसण्याच्या जागेवर सगळ्या स्पीकरांचा आवाज एकाच वेळी आणि सारख्या जोराने पोहोचावा, यासाठी ए.व्ही. रिसीव्हरमध्ये केलेल्या मांडणीला होम थिएटरची जुळवणी म्हणतात. क्रॉसओव्हर, स्पीकरांचे अंतर आणि सबवूफर या खर्जाच्या स्पीकरची पातळी हे तिचे तीन भाग आहेत. बहुतेक रिसीव्हर सोबतचा मायक्रोफोन वापरून ही मापे आपोआप घेतात. डाव्या-उजव्या स्पीकरांच्या बाबतीत त्यांवर सहसा विसंबता येते. सबवूफर मात्र हाताने तपासावाच लागतो.

सुरुवात क्रॉसओव्हरने, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यात आवाज वाटून देणाऱ्या कंप्रतेने करावी, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. मेनूत स्पीकरला Small म्हटले की ठरावीक कंप्रतेखालचा आवाज त्याच्याकडून काढून सबवूफरकडे वळवला जातो. हा शब्द स्पीकरच्या आकाराबद्दल नाही, त्यामुळे उंच उभ्या स्पीकरांनाही Small ठेवण्यात कमीपणा नाही. सर्वसाधारणपणे 80 हर्ट्झ योग्य ठरतात. त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसे कळत नाही. मुठीएवढ्या स्पीकरांना मात्र 120 किंवा त्याहून अधिक हर्ट्झ लागतात. सबवूफरच्या पाठीवरचे क्रॉसओव्हरचे बटण शेवटपर्यंत वर फिरवावे किंवा LFE हा त्याची स्वतःची गाळणी टाळणारा मार्ग निवडावा. तसे न केल्यास रिसीव्हरची आणि सबवूफरची अशा दोन गाळण्या एकामागोमाग लागतात आणि 80 हर्ट्झच्या आसपास आवाज पोकळ होतो.

अंतराच्या रकान्यात भरलेला आकडा प्रत्यक्षात वेळेचा असतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर. समजा 4.2 मीटर लांबीच्या खोलीत टेपने मोजल्यावर पुढचे दोन्ही स्पीकर 2.6 मीटरवर आणि बाजूचे 1.4 मीटरवर भरले. मग रिसीव्हर बाजूच्या स्पीकरांना 3.5 मिलिसेकंद थांबवून ठेवतो. टेप स्पीकरपासून बसणाऱ्याच्या डोक्यापर्यंत धरावी, सोफ्याच्या कडेपर्यंत नाही.

याच खोलीत सबवूफर टेपने 2.8 मीटरवर आहे आणि मायक्रोफोनच्या मापानंतर मेनूत 4.0 मीटर दिसतात. अनेक जण हा आकडा चुकीचा समजून खोडतात, पण तसे करू नये. सबवूफरच्या आतल्या गाळण्या व प्रक्रिया आवाजाला उशीर करतात आणि तो उशीर जादा अंतर म्हणून नोंदला जातो. आकडा वाढवला की रिसीव्हर सबवूफरला इतरांच्या मानाने लवकर संकेत पाठवतो.

तरीही 4.0 हा अखेरचा आकडा नसतो. गाळणी आवाज कापून टाकत नाही, हळूहळू उतरवते. म्हणून 80 हर्ट्झला स्पीकर आणि सबवूफर दोघेही वाजत असतात. तिथे तरंगाची लांबी सुमारे 4.3 मीटर असते. दोघांत तिच्या अर्ध्याचा, म्हणजे 2.15 मीटरचा फरक पडला तर ते एकमेकांना खोडतात. हे तपासण्यासाठी Stereo पद्धतीत 80 हर्ट्झचा अखंड स्वर फक्त डाव्या बाजूने वाजवावा. Direct पद्धत वापरू नये, कारण तिच्यात बऱ्याच रिसीव्हरांचा क्रॉसओव्हरच बंद होतो. ध्वनिमापक बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवावा. डावा एकटा 70 डेसिबल आणि सबवूफर एकटा 70 डेसिबल देत असेल, तर नीट जुळल्यावर दोघे मिळून 76 द्यायला हवेत. आपल्या खोलीत 4.0 मीटरला 71 आले. आकडा 30-30 सेंटिमीटरने वाढवत नेल्यावर 4.6 ला 75 आणि 5.2 ला जवळजवळ 76 मिळाले. तिथे थांबावे. हीच पाहणी उजव्या बाजूने पुन्हा करावी आणि दोन्हींना मानवेल असा आकडा ठेवावा. पुढे क्रॉसओव्हर बदलला तर हे सगळे नव्याने करावे लागते.

पातळीसाठी रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर 75 डेसिबलवर आणतात. ध्वनिमापक C या भारावर, म्हणजे खर्ज फारसा न घटवणाऱ्या मोजणीवर ठेवावा. A वर 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी दिसतो, त्यामुळे सबवूफर भलताच वाढवला जातो. फोनचे मायक्रोफोनही खर्जात कच्चे असतात. मेनूत सबवूफरचा आकडा अगदी तळाशी, म्हणजे −12 वर गेलेला दिसला, तर त्याच्या पाठीवरचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, कमी करून माप पुन्हा घ्यावे. तळ गाठलेल्या आकड्यावरून खरी गरज कळत नाही.

खोलीचा दोष पातळीने भरून निघत नाही. वरच्या खोलीत लांबीच्या दिशेने सुमारे 41 हर्ट्झचा स्थिर तरंग तयार होतो आणि बरोबर मधोमध, 2.1 मीटरवर, तो जवळपास नाहीसा होतो. तिथे सोफा असेल तर तो खर्ज ऐकू येत नाही. म्हणून सबवूफर वाढवला की बाकीचे खर्ज स्वर घुमू लागतात आणि 41 हर्ट्झ तरीही पोहोचत नाही. अशा वेळी सोफा अर्धा मीटर मागे सरकवावा आणि अंतरे पुन्हा मोजावीत.