कोल्ड ब्रू अर्क (घरगुती)

भरड दळलेली कॉफी थंड पाण्यात बरेच तास भिजवून, गाळून मिळणारा दाट द्रव म्हणजे कोल्ड ब्रूचा अर्क. तो तसाच पीत नाहीत. पिताना त्यात पाणी किंवा दूध आणि बर्फ घालतात. या कृतीत उष्णता कुठेच नसते, त्यामुळे गरम पाणी जे काम काही मिनिटांत करते त्याला इथे रात्र उलटते. कडवटपणा आणि आंबटपणा दोन्ही कमी उतरतात, आणि गरम कॉफीच्या वाफेतला सुवासही त्याच प्रमाणात कमी मिळतो. या नोंदीत कोकण किनाऱ्यावरच्या घरात हा अर्क कसा करावा, ते दिले आहे. प्रचलित कृतींमध्ये ‘खोलीच्या तापमानाला’ बारा ते चोवीस तास भिजवायला सांगतात, पण ती खोली बहुधा २०–२२ अंशांची असते. रत्नागिरीत किंवा मालवणात मे महिन्यातले स्वयंपाकघर सहज ३० अंशांच्या वर असते. तिथे तीच कृती जशीच्या तशी करणे चुकीचे ठरते.

कॉफी आणि दळण

किराणा दुकानात मिळणारी ‘फिल्टर कॉफी’ या कामाला सहसा चालत नाही, कारण ती फार बारीक असते आणि तिच्यात बऱ्याचदा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरीतले बरेच द्रव्य पाण्यात चटकन विरघळते. अर्क काळाकुट्ट आणि दाट दिसतो, पण चव जळक्या गुळाकडे झुकते आणि कॉफी मागे पडते. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते आधी वाचावे. इन्स्टंट कॉफीचा तर प्रश्नच नाही. ती मुळातच सुकवलेला अर्क असल्याने भिजवून गाळण्यासारखे तिच्यात काही उरत नाही.

चिकमगळूर किंवा कोडगूची मध्यम भाजणीची बी आणून घरीच भरडणे उत्तम. दळण लापशीच्या रव्याएवढे जाड हवे. मिक्सरमध्ये एका वेळी मूठभरच बी घ्यावी आणि दोन-तीन सेकंदांचे झटके देत भरडावी. मिक्सर सलग फिरवला तर भांडे तापते, आणि तळाला पीठ होत असताना वर अख्खे दाणे राहतात. भरड मैद्याच्या चाळणीतून चाळून पीठ वेगळे काढावे. ते टाकायची गरज नाही, सकाळच्या गरम कॉफीला ते उत्तम चालते. चाळण्याचा कंटाळा केला तर त्याची किंमत पुढे गाळताना मोजावी लागते.

पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की भाजलेली बी उघडी राहिली तर दोन-चार दिवसांत मऊ पडते आणि तिचा वास उतरतो. म्हणून लागेल तेवढीच बी दळावी. उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

पाणी

अर्क कुठल्याही टप्प्यावर उकळला जात नाही, म्हणून पाणी आधीच उकळून गार केलेले हवे. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी सहसा हलके असते आणि कॉफीला मानवते. खाडीजवळच्या विहिरींचे पाणी मात्र एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. उकळल्याने खारटपणा जात नाही, उलट थोडा वाढतो. अर्कात तो नीट जाणवतो आणि दुधाने झाकला जात नाही. तेवढे दोन महिने पिण्याचे विकतचे पाणी वापरावे.

प्रमाण

प्रमाण वजनाने धरावे. चमच्याने मोजले तर भरडीच्या जाडीप्रमाणे वजन बरेच बदलते. अर्कासाठी एका भागाला पाच भाग पाणी हे सर्वांत सोयीचे. भिजलेली भरड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, आणि ते पिळून काढायचे नसते. म्हणजे एकास तीन घेतले तर घातलेल्या पाण्यातला तिसरा हिस्साच हाती येतो, दोन हिस्से चांगली कॉफी घेऊन चोथ्यात जातात. एकास पाच घेतले तर पाचांतले तीन हिस्से मिळतात. एकास आठ घेतले तर उतारा आणखी चांगला मिळतो, पण तो अर्क राहत नाही. बर्फावर ओतून सरळ पिण्याजोगा पातळ होतो आणि फ्रिजमध्ये जागा अडवतो.

दीड लिटरच्या काचेच्या बरणीसाठी १५० ग्रॅम चाळलेली भरड आणि ७५० मिली पाणी घ्यावे. बी १७० ग्रॅमच्या आसपास लागेल, कारण काही भाग पीठ म्हणून निघून जातो. गाळून सुमारे ४३० मिली अर्क मिळतो.

भिजवणे

बरणी आणि झाकण उकळत्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. भरड घालून आधी पाव लिटर पाणी ओतावे आणि लांब चमच्याने तळापर्यंत ढवळावे. थंड पाणी कॉफीत लवकर शिरत नाही. ताज्या भाजलेल्या बीमधला वायू तिला वर उचलून धरतो आणि वर कोरड्या भरडीचा थर तरंगत राहतो. तो थर तसाच राहिला तर तेवढी कॉफी वाया जाते आणि अर्क पाणचट उतरतो. दहा मिनिटांनी उरलेले पाणी घालावे. अर्ध्या तासाने आणखी एकदा हलक्या हाताने ढवळावे आणि मग हात लावू नये, कारण पुढचे ढवळणे फक्त बारीक कण सुटे करते.

यानंतर बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. ओट्यावर ३० अंशांना कॉफी लवकर उतरते हे खरे, आणि आठ-दहा तासांत रंग-चव येते. पण त्याच उबेत जंतूही वाढतात, आणि बारा तासांपुढे लाकडासारखी तुरट चव उतरू लागते. फ्रिजमध्ये चार-पाच अंशांना काम संथ चालते, १६ ते २० तास लागतात, पण तासाभराची चूक चवीला कळत नाही. संध्याकाळी सहाला भिजवले तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला अठरा तास भरतात. भाजणी गडद असेल तर सोळा तासांना काढावे, फिकट असेल तर वीस तास ठेवावे.

फ्रिजमध्ये एक खबरदारी घ्यावी लागते. कॉफी आसपासचे वास पटकन धरते, आणि किनाऱ्यावरच्या फ्रिजमध्ये मासळी असतेच. उघड्या पातेल्यावर नुसते ताट झाकून ठेवलेल्या अर्काला बांगड्याचा वास लागला की तो कशानेही जात नाही. रबरी कड्याचे घट्ट झाकण असलेली बरणीच घ्यावी.

गाळणे

अर्क चांगला की गढूळ हे इथे ठरते, म्हणून घाई करू नये. काम दोन टप्प्यांत करावे.

पहिल्या टप्प्यात पातेल्यावर स्टीलची चाळणी ठेवून तिच्यात दुहेरी मलमल पसरावी. मलमल आधी उकळून घेतलेली आणि ओली असावी. कोरडी असेल तर तीच अर्क पिऊन घेते. बरणी न हलवता वरचा निवळ भाग आधी ओतावा, चोथा शेवटी, म्हणजे कापड लवकर बुजत नाही. मग अर्धा तास आपोआप गळू द्यावे. नारळाचा रस काढताना करतो तसे फडके पिळण्याचा मोह होतो, पण पिळले की दोन-चार चमचे जास्त मिळतात आणि त्यांच्याबरोबर गाळही खाली येतो. नारळाचा रस काढायचे फडके तर या कामाला घेऊच नये. धुतले तरी त्यात नारळाचे तेल राहते, ते खवट होते आणि तो वास अर्कात उतरतो. कॉफीसाठी वेगळे फडके ठेवावे आणि ते सुगंधी साबणाने न धुता नुसत्या पाण्यात उकळावे.

दुसऱ्या टप्प्याआधी गाळलेला अर्क झाकून दोन तास फ्रिजमध्ये ठेवावा. गाळ तळाशी बसतो. नंतर गरम पाण्याने धुतलेल्या कागदी फिल्टरमधून वरचा अर्क सावकाश गाळावा. सुरुवातीला धार लागते, मग थेंब पडतात. थेंबही थांबले की चमच्याने कागद खरवडू नये, नवा कागद घ्यावा. तळचा बोटभर गाळ सोडून द्यावा. कागद नसेल तर चौपदरी मलमल चालते, पण थोडा गाळ राहतो. गाळ राहिलेला अर्क फ्रिजमध्येही उतरतच राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडू लागतो. पहिल्या दिवशी चांगला असलेला अर्क पुढे कडवट झाला, तर दोष बहुधा भिजवण्यात नसून गाळण्यात असतो.

पिताना

६० मिली अर्काला १०० मिली पाणी किंवा दूध आणि वर बर्फ. बर्फ वितळून आणखी पातळ होणार हे धरूनच हे प्रमाण आहे. वरच्या मापात असे सातएक पेले होतात. कॅफिन अर्कात एकवटलेले असते, आणि रोबस्टा बीमध्ये ते अरेबिकाच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे रोबस्टाचा अर्क ३०–४० मिलीपासून सुरू करावा.

टिकणे

गाळलेला अर्क उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, तारीख लिहून फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावा. दारात ठेवू नये, तिथे तापमान सतत वर-खाली होते. असा अर्क आठ-दहा दिवस चवीला चांगला राहतो. दोन आठवड्यांपुढे ठेवू नये. पाणी घातल्यावर तो दोन-तीन दिवसांत संपवावा. दूध घातलेला त्याच दिवशी, आणि नारळाचे दूध घातलेला तर लगेच प्यावा.

बाटली उघडताना फस्स आवाज येणे, वर साय धरल्यासारखा पापुद्रा दिसणे, आंबूस वास येणे ही बिघडल्याची खूण. पण वास चांगला आहे म्हणून अर्क निर्धोक असे मात्र नाही. कॉफीची आम्लता लोणच्यासारखी टिकवण्याइतकी नसते. झाकणबंद बाटली उबेत पडून राहिली तर वासावरून न कळणारे घातक जंतूही वाढू शकतात. म्हणून बंद बाटली ओट्यावर साठवू नये. अर्क भेट द्यायचा किंवा गावी न्यायचा असेल तर बर्फाच्या डब्यातूनच न्यावा.

पावसाळ्यात वीज जाण्याचा हिशेबही ठेवावा लागतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रिजचे दार न उघडता साधारण चार तास आत पुरेसा गारवा राहतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली आणि बाटली कोमट लागली, तर अर्क ओतून द्यावा. जून ते सप्टेंबर निम्मेच माप करावे, किंवा ताजा अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या झाकणाच्या डब्यात भराव्यात. फ्रीजरमध्ये त्या महिनाभर चांगल्या राहतात. दोन वड्या पेल्यात टाकून वर दूध ओतले की वेगळा बर्फ लागत नाही.